तारेवरची कसरत : सासूबाईंची माळ



गेल्या वर्षी गणपतीला आमच्याकडे पुण्याहून सासूबाई आल्या होत्या. येताना बॅगेत काय काय होतं त्याची यादी द्यायची तर संपादक हा सदराचा कोपराही काढून घेतील. भाजणी, कस्टम्सला जाहीर करून सुखरूप सुटलेला गोडा मसाला, देवाची वस्त्रं, आणि सगळ्यांत तळाशी, सुती साडीत गुंडाळलेली एक दिव्यांची माळ. शंभर दिवे, आठ प्रकारची उघडझाप, खास तपकीर गल्लीतून घासाघीस करून घेतलेली.

"जावईबापू, तुमच्याकडे असली मिळायची नाही," सासूबाई म्हणाल्या. त्या चुकीचं बोलत नव्हत्या. असली माळ इथे खरंच मिळत नाही. का मिळत नाही, ते आम्हांला तीन दिवसांनी कळलं, आणि तेच आज सांगायचं आहे.

आमच्या ट्रुगानिनाची हवा ज्यांनी अनुभवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. सपाट माळरान, वारा अडवायला डोंगर नाही की झाड नाही. भाद्रपद म्हणजे इथला हिवाळा सरतानाचा काळ. संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधारतं आणि पाऊस वरून न येता आडवा येतो. चतुर्थीच्या दिवशी आम्ही ती माळ पोर्चच्या दोन खांबांना गुंडाळली. भारतातली दोन गोल पिनांची प्लग, ती ट्रॅव्हल ॲडॉप्टरमध्ये, तो एक्स्टेन्शनमध्ये, आणि उघडझापीची ती हिरवी डबी खाली खडीवर. माळ झक्क लागली. शेजारच्या ग्रीक आजीही बघायला आल्या.

तिसऱ्या दिवशी आरतीला वीस-बावीस माणसं जमली होती. "घालीन लोटांगण" सुरू झालं आणि खट्कन अर्धं घर अंधारात गेलं. बाहेर सरी कोसळत होत्या. मीटरच्या पेटीत जाऊन पाहिलं तर सेफ्टी स्विच खाली आला होता. वर केला, पुन्हा खाली. माळेची प्लग काढली, मग राहिला. सौ. तेवढ्यात दारात येऊन म्हणाली, "अहो, धाकटी आत्ता पाच मिनिटांपूर्वी तिथेच होती. अनवाणी. माळ सुटली होती ती नीट करत होती." आमची धाकटी सहा वर्षांची आहे. त्या रात्री आम्हांला मोदक गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी माळ डायनिंग टेबलावर घेतली. मास्टर्सच्या वेळी लॅबमध्ये एवढ्या मन लावून आम्ही काही उघडल्याचं स्मरत नाही. आधी एक खुलासा. भारतातली वस्तू म्हणजे वाईट, असं आम्हांला म्हणायचं नाही. भारतातही एलईडीच्या माळांना २०१७ च्या सरकारी आदेशाने बीआयएसची सक्तीची नोंदणी लागू झालेली आहे, आणि नोंदणी असलेल्या मालावर 'आर' अक्षराने सुरू होणारा नंबर छापलेला असतो. आमच्या माळेवर नंबर नव्हता, बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता. खोक्यावर एका हसऱ्या बाईचा फोटो तेवढा होता. अशी अनामिक माळ मेलबर्नच्या बाजारातही, विशेषतः इंटरनेटवरून थेट परदेशातून मागवली तर, घरी येऊ शकते. प्रश्न देशाचा नाही.

डबी उघडली. आत चार डायोड, तीन-चार थायरिस्टर, एक चिप, एक रेझिस्टर. बस्स. ट्रान्सफॉर्मर नाही. म्हणजे भिंतीतले २३० व्होल्ट फक्त एका दिशेचे करून सरळ माळेत सोडलेले. सासूबाई शेजारी बसून गवार मोडत होत्या. त्यांनी अगदी रास्त प्रश्न विचारला. "अहो, पण खोक्यावर लिहिलंय ना, एलईडी. त्याला तीन व्होल्ट पुरतात म्हणे. तीन व्होल्टचा कसला शॉक?"

हा गैरसमज आमच्या चांगल्या शिकल्या-सवरलेल्या मित्रांतही आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आम्ही म्हटलं, "आई, पर्वतीची एक पायरी किती उंच? वीतभर. वीतभर उंचीवरून पडलं तर काही होत नाही. पण सगळ्यांत वरच्या पायरीच्या कडेवरून थेट खाली पडलं तर?" माळेतले दिवे हे पर्वतीच्या पायऱ्यांसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. एका दिव्याच्या दोन टोकांमध्ये फरक तीनच व्होल्टचा, हे खरं. पण तो दिवा स्वतः जमिनीपासून किती उंचीवर टांगलेला आहे, हे महत्त्वाचं. पन्नास दिव्यांच्या ओळीतला पहिला दिवा जमिनीपेक्षा जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट वर असतो. आपण माळेला हात लावतो तेव्हा दिव्याची दोन टोकं धरत नाही. एका हातात माळ असते आणि पाय ओल्या फरशीवर, म्हणजे जमिनीवर. आपल्या वाट्याला पायरी येत नाही, सगळी टेकडी येते.

आता आकडे बघू. हातपाय ओले असताना शरीराचा रोध ढोबळमानाने हजार ओहम धरतात. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर. सेफ्टी स्विच ०.०३ अँपिअरला पडतो, म्हणजे हा प्रवाह त्याच्या साडेसात पट. एवढा प्रवाह एक-दोन सेकंद छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडायला पुरतो. आमच्या माळेत दिव्यांच्या बुडाशी जी बारीक रबरी नळी असते, ती तीन ठिकाणी सरकून तार उघडी पडली होती. पैकी एक जागा बरोबर सहा वर्षांच्या मुलीच्या हाताच्या उंचीवर. तिचा हात दुसरीकडे पडला, एवढंच.

जाता जाता तारेला फ्रिजवरचं चुंबक लावून पाहिलं. चिकटलं! तांब्याला चुंबक चिकटत नाही. म्हणजे लोखंडी तारेवर तांब्याचा मुलामा. लोखंड तांब्याच्या मानाने विजेला बरंच जास्त अडवतं आणि वाकवता-वाकवता तुटतं. ही परीक्षा घरी कुणीही करू शकतो. प्लग काढलेली असावी, एवढी एकच अट.

आता चांगली माळ कशी असते ते पाहू. आमच्याकडे इथल्या दुकानातून घेतलेली एक साधी माळ होती. ती शेजारी ठेवली. पहिला फरक हातातच कळतो. भिंतीत लावायच्या टोकाला चांगला मूठभर ॲडॉप्टर आहे. त्याच्यावरची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचली. इनपुट २२० ते २४० व्होल्ट, आउटपुट ३१ व्होल्ट डीसी, ६ वॅट. एकात एक असे दोन चौकोन, म्हणजे दुहेरी इन्शुलेशन. या ॲडॉप्टरच्या आत दोन वेगळ्या वेटोळ्या असतात आणि त्यांच्यात तारेचा संबंध नसतो. भिंतीतली वीज अलीकडेच थांबते, पलीकडे जाते ती ३१ व्होल्टची, आणि तीही जमिनीशी नातं नसलेली. या माळेची नळी सरकली, मुलाने दातात धरली, कुत्र्याने कुरतडली, तरी टेकडी उरतच नाही, एखाद-दुसरा ओटा उरतो. म्हणून सणाची माळ घेताना आमचा पहिला नियम असा: बारीक प्लग आणि थेट माळ दिसली तर खाली ठेवा. ठोकळा असलेलीच घ्या.

पण ठोकळा आहे म्हणून काम संपलं, असं नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये न्यू साउथ वेल्समधल्या गॉस्फर्डला एक तरुण स्त्री विजेच्या धक्क्याने गेली. कानाला हेडफोन आणि हातात लॅपटॉप होता. संशय गेला तो एका स्वस्त, बिनमान्यतेच्या यूएसबी चार्जरवर. चार्जर म्हणजे पाच व्होल्ट! पण आतल्या दोन बाजूंमधलं इन्शुलेशनच भरवशाचं नसेल, तर पाच व्होल्टच्या बाजूला २३० व्होल्ट यायला क्षणही लागत नाही. माळेच्या ॲडॉप्टरचंही तेच. आतली भिंत पक्की आहे की कागदी, हे बाहेरून दिसत नाही. ते तपासायला हजारो व्होल्ट लावून पाहावं लागतं. म्हणून आपल्यासाठी हे कुणीतरी तपासलं आहे का, एवढंच आपण बघू शकतो.

त्याची खूण म्हणजे आरसीएम. त्रिकोणी आकार आणि त्याला जोडून बरोबरची खूण. ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये विकायच्या घरगुती विजेच्या वस्तूंवर ती लागते. यात वस्तूंच्या धोक्याप्रमाणे तीन पातळ्या केल्या आहेत. गंमत बघा, आपण ज्याला दोन डॉलरची शोभेची वस्तू समजतो, त्या सजावटीच्या माळा आणि त्यांचे ॲडॉप्टर सर्वांत वरच्या, तिसऱ्या पातळीत आहेत. तिथे उत्पादकाने "आमचं चांगलं आहे हो" म्हणून भागत नाही. बाहेरच्या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. खूण ठोकळ्यावर छापलेली किंवा कोरलेली असावी. नुसती खोक्यावर असून उपयोग नाही, कारण खोकं एकाचं आणि आतला माल दुसऱ्याचा, हे प्रकार होतात. युरोपची सीई ही खूण आपल्याकडे चालत नाही. माळांच्या बाबतीत ती मुख्यतः बनवणाऱ्याने स्वतःच केलेली घोषणा असते.

खूण खोटी छापता येईल ना, असं आमच्या एका चौकस मित्राने विचारलं. येईल. म्हणून ॲडॉप्टरवर प्रमाणपत्राचा नंबर असतो तो बघायचा, आणि शंका आली तर eess.gov.au वरच्या नोंदवहीत शोधायचा. पाच मिनिटांचं काम आहे. परत मागवलेल्या मालाची यादी productsafety.gov.au वर असते. पेटीतल्या जुन्या माळा सणाआधी काढाल तेव्हा त्यांची नावं तिथे एकदा घालून पाहावीत.

"कुठल्या कंपनीची घ्यावी?" हा प्रश्न आम्हांला दर दिवाळीला फोनवर येतो. आमचं उत्तर थोडं वेगळं आहे. हल्ली बहुतेक माळा चीनमध्येच बनतात, नाव कुणाचंही असो. फरक पडतो तो इथे कोण जबाबदार आहे याने. कायद्याच्या भाषेत त्याला 'जबाबदार पुरवठादार' म्हणतात. म्हणजे जो माल प्रथम देशात आणून विकतो तो. त्याची नोंदणी लागते, चाचणीचे कागद त्याला जपून ठेवावे लागतात, आणि बिघाड निघाला तर माल परत घेण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. आर्लेक, मिराबेला यांच्यासारखी जुनी नावं घ्या, नाहीतर मोठ्या हार्डवेअरच्या दुकानाची स्वतःची माळ घ्या. खोक्यावर इथला पत्ता आहे की नाही, ते बघा. पत्ता असलेला माणूस तुमच्या घराला आग लागली तर सापडतो. हसरी बाई सापडत नाही.

इथे आपल्या मंडळातल्या उत्साही लोकांना एक सांगणं. दिवाळी मेळ्यात स्टॉल लावून विकायला म्हणून कुणी पुण्या-मुंबईहून पन्नास माळा बॅगेतून आणल्या, तर तो 'जबाबदार पुरवठादार' तुम्हीच. कायद्याने आणि मनाने, दोन्ही. गेल्या वर्षी आमच्याच ओळखीचे एक गृहस्थ त्या बेतात होते. आम्ही त्यांना आमची उघडलेली डबी दाखवली. त्यांनी आकाशकंदील आणायचे ठरवले. कागदी, दिव्याविना. इथल्या मान्यताप्राप्त एलईडी बल्बवर आणि होल्डरवर ते उत्तम दिसले आणि सगळे विकले गेले.

"पण सेफ्टी स्विच होता ना? तो पडलाच ना?" हा सौ.चा प्रश्न. होता, आणि त्याचे उपकार आहेत. आपल्या भागातली घरं नवीन, त्यामुळे तो बहुतेकांकडे असतोच. पण तो काय बघतो ते समजून घ्या. आत गेलेली वीज आणि परत आलेली वीज, यांचा हिशोब तो मांडतो. ०.०३ अँपिअरच्या आसपास फरक पडला, म्हणजे वीज कुठेतरी जमिनीत गळते आहे असं धरून तो तोडतो. आमच्या डबीत पाणी शिरलं, ओल्या खडीतून वीज जमिनीत गेली, हिशोब चुकला, स्विच पडला. पण एका हातात एक उघडी तार आणि दुसऱ्या हातात दुसरी असेल, तर गेली तेवढीच वीज परत येते. हिशोब बरोबर! स्विच स्वस्थ बसतो.

आणि आगीचं तर त्याला पत्ताच नसतो. ट्रॅव्हल ॲडॉप्टरमध्ये पिन सैल बसली की त्या जागी ठिणग्या पडतात, प्लॅस्टिक तापतं, पण वीज जमिनीत जात नाही. पेटीतला ब्रेकरही मदतीला येत नाही, कारण प्लग पॉइंटचा ब्रेकर साधारणपणे सोळा किंवा वीस अँपिअरचा असतो. केसाएवढी तार त्याच्या कितीतरी आधी लाल होऊन जळेल. ब्रिटिश प्लगमध्ये फ्यूज असतो तसा आपल्या इथल्या प्लगमध्ये नसतो. म्हणून स्विच हा शेवटचा पहारेकरी. त्याच्या जिवावर दार उघडं टाकून झोपायचं नाही. माळेचा जोड हाताला कोमट लागला, जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, किंवा प्लगपाशी तपकिरी डाग दिसला, की माळ त्याच क्षणी बंद. मखराच्या मागे तर हे आवर्जून पाहा. थर्माकोल, जॉर्जेटचे पडदे आणि कापूर, सगळं एका हाताच्या अंतरावर असतं.

घराबाहेर लावायची तर आयपी नंबर पाहावा. आयपी २० म्हणजे फक्त घरात. आयपी ४४ म्हणजे सगळीकडून उडालेलं पाणी सोसेल. यातली मेख अशी की खोक्यावर मोठ्या अक्षरात आयपी ४४ असतं ते पुष्कळदा माळेचं, आणि ॲडॉप्टरवर बारीक अक्षरात 'फक्त घरातील वापरासाठी' किंवा छोट्या घराचं चित्र असतं. तसं असेल तर ठोकळा घरात ठेवून फक्त बारीक वायर खिडकीच्या फटीतून बाहेर न्या. वायर फटीत चेपली जाणार नाही, एवढं बघा. जोड खडीवर किंवा गवतात ठेवू नका, खांबाला वर अडकवा. जोडाच्या अलीकडे वायरला खाली झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोलाच्या टोकावरून गळून पडेल, जोडात शिरणार नाही. जोडावर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची आपली जी सवय आहे, ती सोडा. पिशवीत पाणी साठतं आणि जोड त्यात बुडून बसतो.

आता वीजबिल. या बाबतीत लोकांची काळजी उलटीकडे आहे, असं आमचं मत आहे. हिशोबच मांडू. समजा दहा माळा लावल्या. एलईडीची माळ ६ वॅटची, म्हणजे दहांचे ६० वॅट. दिवाळीत आपल्याकडे घड्याळं एक तास पुढे गेलेली असतात, सूर्य पावणेआठ-आठला मावळतो, म्हणजे दिवे चार तासच लागतात. सहा दिवस धरले तर २४ तास. ६० वॅट गुणिले २४ तास म्हणजे दीड युनिटसुद्धा नाही. युनिटला सुमारे ३० सेंट धरले तर अख्ख्या दिवाळीचे त्रेचाळीस सेंट! त्याच दहा माळा जुन्या तारेच्या बल्बांच्या असत्या, शंभर बल्बांची माळ ४५ वॅटची, तर ४५० वॅट, जवळजवळ अकरा युनिट, सव्वातीन डॉलर.

आपल्याकडे बरेच जण दिवाळीला लावलेल्या माळा नाताळ आटोपूनच उतरवतात. साठ दिवस, रोज पाच तास, म्हणजे तीनशे तास. तेव्हा एलईडीला अठरा युनिट, साडेपाच डॉलरच्या आत. जुन्या बल्बांना १३५ युनिट, चाळीस डॉलर. फरक आहे, पण घर विकायला लागेल असा नाही. आम्ही जुन्या माळा मोडीत काढा म्हणतो ते बिलासाठी नाही, उष्णतेसाठी. ते ४५० वॅट जातात कुठे? प्रकाश थोडाच, बाकी सगळी उष्णता. मखरातल्या कापडाजवळ लहानसा हीटर ठेवल्यासारखं आहे ते. म्हणून मूर्तीवर उजेड टाकायला आणलेला जुना हॅलोजनचा फोकस असेल, तर माळांच्या आधी तो बदला.

सौर माळांबद्दलही पुष्कळजण विचारतात. भिंतीतल्या विजेशी संबंधच नाही, त्यामुळे सुरक्षिततेत उत्तम. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. आपण दक्षिण गोलार्धात आहोत, तेव्हा तिची काच उत्तरेकडे तोंड करून लावायची. आम्ही पहिल्या वर्षी सवयीने दक्षिणेकडे लावली आणि माळ आरती संपायच्या आत झोपी गेली. दुसरं म्हणजे गणपतीत आभाळ भरलेलं असतं, तेव्हा तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. दिवाळीत ती छान चालते.

विजेच्या प्लगशी संबंध नसलेली, पण आम्हांला सगळ्यांत जास्त धास्ती वाटणारी एक वस्तू राहिलीच. ती म्हणजे बॅटरीवरच्या इवल्या पणत्या. आत नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. रांगत्या मुलाने ती गिळली आणि घशात अडकली, तर लाळेतून वीज वाहून तिथे दाहक अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका जळायला लागते. ऑस्ट्रेलियात अशी मुलं दगावली आहेत. म्हणून २२ जून २०२२ पासून इथे कायदा लागू झाला. नाण्यासारख्या बॅटरीचं झाकण स्क्रूने किंवा तशाच पक्क्या रीतीने बंद हवं आणि खोक्यावर इशारा हवा. भारतातून हौसेने आणलेल्या डझनभर पणत्यांचं बूड नखाने उघडतं का, ते घरी जाऊन बघा. उघडत असेल तर ज्या घरात लहान मूल येणार आहे तिथे त्या नकोत. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता, उलटी न करवता, १३ ११ २६ या विषबाधा माहिती केंद्राच्या नंबरावर फोन करावा. मुलाला श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थेट तीन शून्य.

आता तुम्ही विचाराल, सासूबाईंच्या माळेचं काय केलं? दुरुस्त करता आली नसती का? आम्ही इंजिनिअर म्हणून प्रामाणिकपणे विचार केला. नळ्या नव्या घालता आल्या असत्या, डबी पाणबंद करता आली असती. पण तार लोखंडीच राहिली असती आणि २३० व्होल्ट तिथेच राहिले असते. काही गोष्टी रचनेतच चुकलेल्या असतात, त्यांना ठिगळ लागत नाही. अशी माळ फेकताना आधी तिची प्लग कापून टाकायची, नाहीतर रस्त्यावरून कुणीतरी उचलून घरी नेऊन लावतं. आम्ही प्लग कापली. हे आम्ही सासूबाई झोपल्यावर करणार होतो, पण त्या स्वतःच कात्री घेऊन आल्या.

"द्या इकडे," म्हणाल्या. "मी आणली, मीच कापते. घरी दिवाणखान्यातही अशीच लावली आहे. तुमच्या मेव्हण्याला आज फोन करून काढायला सांगा." मग थोडं थांबून म्हणाल्या, "ती माणसं गल्लीत रोज शंभर माळा लावून दाखवतात हो हाताने. त्यांना कुणी सांगत असेल का हे?"

याचं उत्तर आमच्यापाशी नव्हतं.

विसर्जनापर्यंत पोर्चवर इथली ठोकळ्याची माळ होती. उघडझाप एकाच प्रकारची, पण धाकटीने तिला मनसोक्त हात लावला. दिवाळीसाठी सासूबाईंनी जाताना स्वतः दुकानात येऊन तीन माळा निवडल्या. ठोकळा उलटा करून, चश्मा कपाळावरून खाली घेऊन, त्रिकोण शोधून. सेल्समन आमच्याकडे बघत होता, आम्ही छताकडे.

असो. शेवटी एकच काम सांगतो. सेफ्टी स्विचवर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं एक छोटं बटण असतं. ते दर तीन महिन्यांनी दाबून पाहायचं. दाबताच स्विच खट्कन पडला पाहिजे. नाही पडला, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, सणाची वाट पाहू नका. तीन महिन्यांचा हिशोब कसा ठेवायचा, हा प्रश्न आपल्यापुरता सुटलेला आहे. आपला अंक तीन महिन्यांनी येतो. तो हातात पडला की आधी मीटरच्या पेटीकडे जायचं, बटण दाबायचं, मग वाचायला बसायचं. घड्याळं पुन्हा लावावी लागतील, त्याला इलाज नाही.